जिम सोडल्याच्या त्या व्हायरल पोस्टला उत्तर

“१ जानेवारीला जिम लावली, वर्षाची फी भरली, ७ जानेवारीला सोडली. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडलो राव! अंगात लॅक्टिक ॲसिड साठलं की शरीर सांगतं, बाबा हे तुझं काम नाही. एवढं करून वजन सव्वा किलो वाढलं. २१ दिवसांत सवय लागते म्हणे, मला सातव्यालाच कळलं लागणार नाही. माझं ऐका, फी वाचवा 😂”

साताऱ्यातल्या प्रत्येक ग्रुपवर हे फिरतंय. मी इथं बरीच वर्षं लोकांना व्यायाम शिकवतोय, आणि हे वाचून खरंच जिम सोडणारी पोरं बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुखण्याचं. लॅक्टिक ॲसिडचा इथं काही संबंध नाही. व्यायामात जे लॅक्टेट तयार होतं ते थांबल्यावर तासाभरात वगैरे निघून जातं, मग तिसऱ्या दिवशी मांडी कशानं दुखेल? अजिंक्यतारा चढून आलेल्या कुणालाही विचारा, दम लागतो चढताना पण दोन दिवसांनी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळं. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत वजन पेलत असतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि ती भरून निघताना सूज येते, दुखतं. बैठक मारताना खाली जातो तेव्हा हेच होतं. सोमवारी संध्याकाळी पहिल्यांदाच शंभर बैठका मारणाऱ्या पोराला मंगळवारी सकाळी विशेष काही वाटत नाही, बुधवार-गुरुवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि शनिवारपर्यंत बहुतेक सगळं ओसरतं. म्हणजे पोस्टवाला रडला तेव्हा दुखणं जवळजवळ टोकाला होतं आणि त्याने सोडलं तेव्हा ते उतरणीला लागलं असणार.

आणि मुख्य गोष्ट लोकांना कुणी सांगतच नाही. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की दुखणं बरंच कमी असतं, पहिल्या खेपेनंतर स्नायू तेवढ्या ताणाला तयार होतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून पहिल्या दिवशी दहा-दहा बैठकांचे दोन सेट, अजून चार-पाच निघाल्या असत्या असं वाटत असतानाच थांबायचं, मग दोन दिवस मांड्यांना सुट्टी आणि तिसऱ्या दिवशी परत तेवढंच. वाढवायचं ते पुढच्या आठवड्यात. पहिल्याच दिवशी नव्या पोराकडून शंभर काढून घेणारा ट्रेनर असेल तर राग त्याच्यावर काढा, व्यायामावर नको.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. दुखणं दिवसेंदिवस वाढतच चाललंय, स्नायू टम्म सुजलाय, किंवा लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होतेय, तर लगेच दवाखाना गाठा. तेव्हा स्नायू जास्तच तुटलेला असू शकतो आणि त्याचा त्रास किडनीला होतो.

आता वजन. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. सव्वा किलो चरबी सहा दिवसांत चढायची तर रोज खर्च होतात त्याच्यावर आणखी सोळाशे कॅलरी खायला लागतील, ते सुद्धा व्यायाम चालू असताना. तेवढं कुणी न कळत खात नाही. वाढलंय ते पाणी. वर सांगितली ती सूज पाणी धरते, शिवाय स्नायू साखरेचा साठा वाढवायला लागतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. त्यामुळं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काट्यावरचा आकडा बघून काही ठरवू नका, बघायचंच असेल तर कमरेचा घेर टेपनं मोजून ठेवा आणि महिन्यानं परत मोजा.

राहिले ते २१ दिवस. हे मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून आलं, त्याचे पेशंट नव्या चेहऱ्याला सरावायला किमान साधारण एवढे दिवस घेतात असं त्याचं निरीक्षण होतं. जिमचा विषयच नव्हता तो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये खाणं-पिणं आणि व्यायामाच्या सवयींवर अभ्यास झाला त्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला, कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत, आणि व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. सातव्या दिवशी कंटाळा येणं त्यात अगदी नॉर्मल आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडत नाही.

तर ज्यांनी ही पोस्ट वाचून या आठवड्यात जाणं बंद केलंय त्यांनी उद्या संध्याकाळी सरळ जा, फी भरलेलीच आहे. मांड्या अजून थोड्या धरलेल्या असतील तर दहा मिनिटं सायकल मारा, बैठकांचा एकच सेट करा आणि घरी या.