एक्स्टर्नल हार्ड डिस्क उशिरा उघडते: दुकानाचे उत्तर

★★ "४ टीबीची हार्ड डिस्क घेतली. अर्धा तास हात लावला नाही की पुढच्या वेळी फोल्डर उघडायला दहा-बारा सेकंद लागतात, सगळी विंडो अडकते. एकदा उघडली की मग झकास चालते. जुना माल खपवला वाटतं."

नमस्कार साहेब,

माल सीलबंद होता. बिलावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकलात तर वॉरंटीची तारीख दिसेल. तुम्ही लिहिलेलं "एकदा उघडली की झकास" हेच महत्त्वाचं आहे. बिघडलेली डिस्क मध्येच अडकते, फक्त पहिल्या वेळी नाही.

तुमची डिस्क अडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची आहे. काम नसलं की ती आतल्या तबकड्या थांबवते. पुन्हा मागितल्यावर मोटर त्या पूर्ण वेगाला आणते आणि त्यानंतरच वाचन सुरू होतं. एवढ्या जड तबकड्यांना दहा-पंधरा सेकंद लागणं नेहमीचं आहे. तोवर विंडोज उत्तराची वाट बघत बसतं, म्हणून विंडो अडकते. कधी कधी फाइल सी ड्राइव्हवर सेव्ह करतानाही असं होतं, कारण ती खिडकी सगळ्याच ड्राइव्हना हाक मारते.

झोपवणारे दोघं असतात. पहिलं विंडोज: मूळ सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना साधारण २० मिनिटांनी डिस्क बंद होते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे द्या:

```
powercfg /change disk-timeout-ac 0
```

शून्य म्हणजे कधीच बंद करू नको. त्यानंतर Power Options च्या ॲडव्हान्स्ड यादीत USB selective suspend setting हे Disabled करा.

एवढं करूनही थांबत असेल तर दुसरा, म्हणजे डिस्कच्या डब्यातल्या सर्किटचा स्वतःचा टायमर. तो विंडोजचं ऐकत नाही. काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदलता येतो, काहींत नाही. तुमच्या मॉडेलचं दुकानात तपासून देतो, पैसे नाहीत. मात्र दर दोन मिनिटांनी फाइल लिहून डिस्क जागी ठेवणारे प्रोग्राम मी कुणाला सुचवत नाही. बंद कपाटात ठेवलेली डिस्क त्याने दिवसभर तापते.

आता खरा दोष कसा ओळखायचा. जागी होताना एकच चढत जाणारा घूंऽऽ आवाज आला तर ठीक. टक-टक आवाज, मध्येच यूएसबी सुटल्याचा टोन, किंवा आठवड्यागणिक वाढत जाणारा वेळ असेल तर आधी बॅकअप घ्या. मग CrystalDiskInfo या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये Spin Retry Count ची रॉ व्हॅल्यू बघा. ती शून्याच्या वर असेल तर मोटरला पहिल्या झटक्यात वेग घेता आलेला नाही. कमी वीज देणाऱ्या अडॅप्टरनेही असं होतं, म्हणून डिस्कसोबत अडॅप्टर आणि केबल दोन्ही आणा.

डिस्कच खराब निघाली तर वॉरंटीचा क्लेम आम्ही भरतो. ती चांगली असेल आणि थांबणं अजिबातच नको असेल, तर एसएसडी घ्यावी लागेल. तेवढ्याच जागेला ती बरीच महाग पडते, आणि निव्वळ फोटो साठवायला मी ती घ्या म्हणणार नाही.