कार्ड ‘तयार’मध्ये टाकताना

माझ्या पोस्टच्या ऑनलाइन बोर्डावर दर पोस्टचं एक कार्ड असतं. ‘लिहितोय’ या रकान्यातून ‘तयार’ या रकान्यात असं एक कार्ड सरकवायचं. अंतर जेमतेम चार बोटं. तरी मी आधी खुर्ची पुढे ओढतो, श्वास रोखतो आणि मगच माउस दाबतो. कारण बोट सुटलं की बोर्डाला जोडलेलं ऑटोमेशन ती पोस्ट शेड्यूलच्या रांगेत नेऊन बसवतं, आणि कार्ड मागे ओढलं म्हणून ती काही मागे येत नाही. रांगेत जाऊन तिला वेगळी डिलीट करावी लागते.

वाटतं असं, की ‘तयार’मध्ये कोण बसलंय हे ऑटोमेशन बघत असेल. छे! ते दारावरच्या रखवालदारासारखं आहे. आत कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, कोणी उंबरा ओलांडला की वर्दी द्यायची. त्यातही वर्दी कशावरून द्यायची तो ट्रिगर ‘कार्ड हलवलं’ असा असेल आणि मी कार्ड थेट ‘तयार’मध्येच बनवलं, तर त्याच्या लेखी कोणी आलंच नाही. ते कार्ड आठवडाभर तिथे नवरदेवासारखं नटून बसून राहतं. मग त्याला मागच्या रकान्यात नेऊन पुन्हा वाजतगाजत आत आणायचं.

वर्दी जाते तेव्हा कार्डाचा त्या क्षणाचा फोटो निघतो. मजकूर, चित्र, तारीख, जे असेल ते. चूक नंतर सुधारली तर ती फक्त कार्डावर सुधारते. रांगेतली पोस्ट जुन्याच चुकीसकट उभी. तारीख रिकामी राहिली तर आणखी मजा. काही ठिकाणी ऑटोमेशन तिथेच अडतं, काही ठिकाणी रिकामं म्हणजे ‘आत्ता लगेच’ असा अर्थ काढून ते पोस्ट टाकून मोकळं होतं. म्हणून तारीख आधी, ओढाओढ नंतर.

तारीख घातली तरी सुटका नाही. मी सकाळचे ९ निवडले, पुढच्या पायरीला मिळालं हे:

```
2025-03-14T03:30:00.000Z
```

शेवटचा Z म्हणजे वेळ UTC या जागतिक प्रमाणवेळेतली. आपले ९ म्हणजे तिथले साडेतीन, त्यामुळे हे बरोबरच आहे. पण मधल्या एखाद्या पायरीत तो Z गळला, की पुढची पायरी साडेतीनला आपलेच साडेतीन समजते आणि पोस्ट पहाटे जगाला उठवायला निघते. पोस्ट नेमकी साडेपाच तास आधी गेली, की चोर कोण ते कळतं.

आणि एकच पोस्ट दोनदा? कार्ड मागे नेऊन पुन्हा आणलं, की दोन वर्द्या. यावर मी चाळणी लावली आहे: तारीख भरलेली हवी आणि ‘वेळ लावली’ हे लेबल नसावं, तरच पुढे जा. शेड्यूल झालं की ऑटोमेशनच ते लेबल चिकटवतं. पण चिकटवायला काही सेकंद लागतात, आणि अधीर माणूस नेमका त्याच सेकंदांत कार्ड पुन्हा ओढतो. म्हणून शेवटची पायरी अशी, की ऑटोमेशननेच कार्ड उचलून ‘शेड्यूल झालं’ या रकान्यात ठेवायचं. तिथे माणसाने हात लावायचा नाही. कार्ड आपोआप उडी मारेपर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो.