फक्त R चा पाय पाहून फॉन्ट ओळखता येत नाही

"हेल्व्हेटिका आणि एरियल एकच. एकच मजकूर दोन्हींत लावून बघा, ओळी त्याच शब्दावर तुटतात. एरियल म्हणजे हेल्व्हेटिकाची नक्कल. फरक शोधायचाच असेल तर मोठा R बघा: पाय उभा तर हेल्व्हेटिका, तिरका तर एरियल. a आणि t मध्ये डोकं घालू नका, तिथे काही सापडत नाही. तरीही शंका राहिली तर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचं नाव लिहिलेलं असतंच."

वरच्या सल्ल्यातलं, ओळी त्याच शब्दावर तुटतात, हे निरीक्षण बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. ओळ कुठे तुटणार हे अक्षर कसं दिसतं यावर ठरत नाही, ते अक्षर किती जागा अडवतं यावर ठरतं. फॉन्टच्या मापाचे हजार भाग केले, तर हेल्व्हेटिकाच्या साध्या वजनात, म्हणजे नेहमीच्या जाडीत, R ला ७२२ भाग मिळतात, a ला ५५६ आणि t ला २७८. एरियलमध्येही हेच आकडे येतात. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरांमध्ये हेल्व्हेटिका मूळचाच बसवलेला असे, आणि असंख्य कागदपत्रांची मांडणी त्याच्या रुंदीवर झाली होती. त्या जागी दुसरा फॉन्ट आला तरी पानं हलू नयेत, म्हणून एरियलच्या रुंद्या मुद्दाम जुळवल्या आहेत. पुढे २००७ मध्ये रेड हॅटने लिबरेशन सॅन्स मोफत उपलब्ध केला. त्याच्याही रुंद्या एरियलशी, म्हणजे ओघाने हेल्व्हेटिकाशी, जुळतात. जी गोष्ट ठरवून सारखी केली आहे, तिच्या आधारे हे फॉन्ट वेगळे काढता येणार नाहीत आणि ते एकच आहेत असंही ठरवता येणार नाही.

नक्कल हा शब्द रुंदीपुरता चालेल, आकारांना तो लागू पडत नाही. हेल्व्हेटिका १९५७ साली स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीत तयार झाला. एडुआर्ड हॉफमन यांच्या देखरेखीखाली मॅक्स मीडिंगर यांनी तो काढला. त्याचं पहिलं नाव नॉये हास ग्रोटेस्क, हेल्व्हेटिका हे नाव १९६० मध्ये मिळालं. एरियल १९८२ चा. मोनोटाइपमध्ये रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी तो आयबीएमच्या लेझर प्रिंटरांसाठी काढला आणि वळण घेतलं ते मोनोटाइपच्याच ग्रोटेस्क नावाच्या जुन्या फॉन्टमधून. हेल्व्हेटिकात रेघांची टोकं आडवी किंवा उभी, काटकोनात कापलेली असतात, तर एरियलमध्ये ती बऱ्याच ठिकाणी तिरकी छाटलेली असतात. दोघांच्या स्वभावातला हा मूळ फरक आहे आणि a, t मध्ये नेमका तोच शोधायचा असतो.

आता R. हेल्व्हेटिकाच्या R चा पाय पोटाखालून निघतो, खांद्यासारखा गोल वळतो आणि जवळजवळ उभा खाली उतरून, अक्षरं जिच्यावर बसतात त्या बेसलाइनपाशी किंचित बाहेर झुकतो. एरियलचा पाय तिरका आहे, हेही खरं. पण "तिरका म्हणजे एरियल" हे उलट वाक्य खरं नाही. आद्रियान फ्रुटिगर यांच्या युनिव्हर्सचा R तिरक्या पायाचा आहे, जुन्या आक्त्सिडेन्त्स ग्रोटेस्कचा आहे आणि लिबरेशन सॅन्सचाही आहे. एवढंच नाही, खुद्द हेल्व्हेटिकाच्या घरातही तो सापडतो. २०१० साली क्रिश्चन श्वार्ट्झ यांनी नॉये हास ग्रोटेस्क डिजिटल रूपात परत आणला, त्यात सरळ तिरक्या पायाचा पर्यायी R दिला आहे. मोनोटाइपच्या २०१९ च्या हेल्व्हेटिका नाऊमध्येही तो आहे. एखाद्या डिझायनरने पर्यायी अक्षर चालू केलं असेल, तर त्या मजकुरात तिरका पाय दिसेल आणि फॉन्ट हेल्व्हेटिकाच असेल.

म्हणून R कडे पाहताना पायाच्या कलापेक्षा त्याच्या उगमाकडे पाहावं. एरियलमध्ये पोट संपतं तिथे आधी एक मऊ वळण येतं आणि मगच पाय सरळ तिरका सुटतो. लिबरेशनमध्ये असं वळण नसतं, पोटाच्या आडव्या रेघेतून पाय पट्टी लावून ओढल्यासारखा थेट निघतो. शिवाय एक साधी अडचण आहे: परिच्छेदभर इंग्रजी मजकुरात मोठा R एकदाही येत नाही असं अनेकदा होतं. a आणि t मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीत असतात. ज्या अक्षरांचे नमुने ढिगाने मिळतात तीच न बघण्याचा सल्ला मला पटत नाही.

a ची खूण दांड्याच्या तळाशी असते. हेल्व्हेटिकाच्या साध्या वजनात दांडा खाली येतो आणि उजवीकडे छोटी शेपटी काढतो. एरियलमध्ये शेपटी नाही; दांडा जरासा उजवीकडे कलतो आणि बेसलाइनवर सपाट कापला जातो. लिबरेशनमध्ये शेपटी आहे. इथे एक काळजी घ्यावी लागते. हेल्व्हेटिका जसजसा जाड होतो तसतशी ही शेपटी आखडते, आणि बोल्ड किंवा ब्लॅकमध्ये ती दिसेनाशी होते. ठळक मथळ्यात a ला शेपटी नाही म्हणून एरियल, असा निकाल देता येत नाही. a ची परीक्षा साध्या आणि बारीक वजनापुरतीच ठेवावी.

माझ्या मते या तीन अक्षरांत सगळ्यात भरवशाचा t, कारण त्याच्या दोन्ही टोकांना काहीतरी सांगायचं असतं. वरच्या टोकाला हेल्व्हेटिकाचा दांडा आडवा, चौकोनी कापलेला असतो. एरियलचा दांडा डावीकडून उजवीकडे चढत्या तिरक्या रेषेत छाटलेला असतो. लिबरेशनचा माथा सपाट असतो, पण त्याची डावी कड आडव्या रेघेपासून वर जाताना आत कलते, त्यामुळे माथा निमुळता दिसतो. खाली शेपटीकडे या. हेल्व्हेटिकाची शेपटी उजवीकडे वळून उभ्या रेषेत संपते. एरियलच्या शेपटीचं टोक तिरकं असतं. त्याचा वरचा कोपरा आडव्या रेघेच्या उजव्या टोकाच्या बरोबर खाली येतो आणि खालचा कोपरा थोडा पुढे सरकलेला असतो. आडव्या रेघेच्या टोकापासून खाली एक उभी गाइड सोडली, की शेपटीचं टोक ती ओलांडून बाहेर आलेलं लगेच दिसतं. लिबरेशनची शेपटीही थोडी बाहेर जाते, पण तिचं टोक उभंच कापलेलं असतं. माथा आणि शेपटी अशा दोन वेगळ्या खुणा एकाच अक्षरात मिळत असल्याने एक पुसट झाली तरी दुसरी हाती राहते. हेल्व्हेटिका नाऊमध्ये शेपटी नसलेला पर्यायी t आहे, तेवढा अपवाद लक्षात असू द्यावा.

"तिथे काही सापडत नाही" हा अनुभव कुठून येतो तेही समजण्यासारखं आहे. एरियलच्या t चा तिरका काप फॉन्टच्या मापाच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढा चढतो. दहा पॉइंटच्या छपाईत तो जेमतेम दोन दशांश मिलिमीटर भरतो. स्क्रीनवर बारा पिक्सेलच्या मजकुरात तो एका पिक्सेलहूनही कमी उरतो आणि पिक्सेलच्या जाळीत सपाट होऊन जातो. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की शाई कोपरे भरून टाकते. पण म्हणून खूण नाही असं होत नाही, ती त्या मापात दिसत नाही एवढंच. पीडीएफ असेल तर झूम ८०० टक्क्यांवर न्या. छापील कागद असेल तर त्यातला सर्वांत मोठा मजकूर निवडा आणि ६०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलवरून आलेल्या स्क्रीनशॉटवर निकाल देऊ नका.

एका संस्थेचं लेटरहेड पुन्हा छापायचं होतं. मूळ फाइल हरवली होती, हातात फक्त जुना छापील कागद. त्यावर साध्या वजनात मोठ्या अक्षरांत गावाचं नाव होतं, Ratnagiri. या तपासणीसाठी याहून सोयीचा शब्द मिळणं कठीण, कारण तिन्ही अक्षरं ओळीने उभी आहेत. R चा पाय तिरका दिसला आणि प्रेसमध्ये नाव एरियलमध्ये लावलं गेलं. स्कॅनवर ठेवल्यावर शब्दाची लांबी तंतोतंत जुळली, म्हणून सगळे खूश. मी t पाहिला तर माथा सपाट आणि डावी कड आत कललेली. शेपटीचं टोक उभं कापलेलं. दोन्ही a ना स्पष्ट शेपटी होती. R पुन्हा नीट पाहिला, तर पोट आणि पाय यांच्या सांध्यात वळणच नव्हतं. हेल्व्हेटिका असता तर पाय असा नसता, एरियल असता तर a आणि t असे नसते. लिबरेशन सॅन्समध्ये शब्द लावला आणि सगळ्या कडा बसल्या. नंतर जुन्या कॉम्प्युटरवर फाइल सापडली, ती लिबरऑफिसची होती. मागितलेला एरियल मशीनवर नसला की लिबरऑफिस त्याच्या जागी लिबरेशन सॅन्स लावतं, आणि रुंदी सारखी असल्याने अदलाबदल कोणाच्या लक्षातही येत नाही.

राहिली पीडीएफची प्रॉपर्टीज. तिथे दिसतं ते फाइलने मागितलेलं नाव. फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड केलेला नसेल, तर स्क्रीनवर दिसणारी अक्षरं दुसऱ्याच फॉन्टची असू शकतात. अॅक्रोबॅटच्या Fonts या टॅबमध्ये Helvetica या नावाखाली Actual Font: ArialMT अशी ओळ आढळते, तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. नावाशेजारी Embedded किंवा Embedded Subset असेल तर त्यावर विसंबायला हरकत नाही. लिनक्सवर हीच माहिती एका कमांडने मिळते:

```
pdffonts letterhead.pdf
```

यात emb या रकान्यात no असेल, तर ते नाव पुरावा म्हणून धरू नका. वेब पानांचंही असंच आहे. सीएसएसमध्ये Helvetica लिहिलेलं असलं, तरी तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवर त्या नावाखाली एरियलच येतो. आणि आपल्याकडे प्रेसला जाणारी फाइल बहुतेक वेळा कोरलमध्ये कर्व्ह्ज करून दिलेली असते. त्यात फॉन्टचं नाव उरतच नाही, फक्त आकार उरतात.

या तीन अक्षरांची एक मर्यादा आहे. R, a, t तिन्ही हेल्व्हेटिकासारखे निघाले, तर डोळ्यांनी त्यापुढे जाता येत नाही. बिटस्ट्रीमचा स्विस ७२१ हेल्व्हेटिकाच्याच आकारांवर बेतलेला आहे. कोरलसोबत तो Swis721 BT या नावाने येत असल्याने आपल्या डीटीपीच्या कामात तो भरपूर वापरला गेला आहे. यूआरडब्ल्यूचा निम्बस सॅन्सही तसाच. तिथे मूळ फाइल मागवावी, आणि ती नसेल तर आपल्याकडे असलेल्या तिन्हींमध्ये शब्द लावून, कर्व्ह्ज करून, स्कॅनवर एकेक ठेवून पाहावा.