पाणी तोडल्यावर पत्रात काय लिहायचं

«करार संपायला पाच महिने आहेत, तरी घर सोडा म्हणून मालकाने सोमवारपासून आमचं पाणी बंद केलंय. पत्रात काय लिहू?»

आधी गच्चीवर जाऊन बघा. शेजाऱ्यांना पाणी येतंय आणि तुमच्याच लाइनचा व्हॉल्व्ह बंद आहे, असा तारीख-वेळ दिसणारा व्हिडिओ काढा. कारण मालकाचं ठरलेलं उत्तर असतं, ‘पंप बिघडलाय’ किंवा ‘भाडं थकलंय’. मालकाने ‘पुरेशा कारणाशिवाय’ पाणी तोडू नये, असे भाडे नियंत्रण कायद्यात शब्द आहेत, म्हणून पत्रात ही दोन्ही कारणं आधीच खोडा: पाणी कधी बंद झालं, कोणती लाइन, भाडं कोणत्या महिन्यापर्यंत कसं भरलं. भाडं मात्र थांबवू नका, तिथेच लोक फसतात.

मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २९ नमूद करून ४८ तासांत पुरवठा सुरू करायला सांगा. (४८ तास कायद्यातले नाहीत, मुदत आपण द्यायची.) पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा; नुसतं व्हॉट्सअ‍ॅप पुरत नाही. दाद लागली नाही तर मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात अर्ज करा आणि अंतरिम आदेशही मागा. करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल, तर कलम २९ ‘भाडेकरू’ म्हणतं, त्यामुळे ते तुम्हाला लागू होईलच असं नाही; पत्राआधी करार वकिलाला दाखवा.