रिकामा तेलाचा डबा अख्खा विकू नका

कुपवाड एमआयडीसीत तेल पॅकिंगच्या लाइनवर मी नऊ वर्षं काढली. गेल्या महिन्यात तासगावला मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी १५ किलोचे तीन डबे आले. एका कंपनीचे, एका दुकानातले. मामी म्हणाली, "हा एक जरा जुनाट दिसतोय, बघ रे." बघितलं, आणि वापरलेल्या डब्यात परत तेल भरलंय असं वाटलं म्हणून तो बाजूला काढून ठेवला.

पोचा आला होता, पण पोचा ट्रकमध्येही येतो, त्यावरून काही ठरत नाही. मी आधी तोंड बघितलं. कंपनीत झाकण मशीन एकाच दाबात बसवतं, त्यामुळे दाब गोलभर सारखा पडतो. इथे कडेला दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्यासारखे ओरखडे होते आणि आतल्या कडेला गंज धरला होता. ताज्या भरलेल्या डब्याला तिथे गंज कुठून येणार?

मग बॅच नंबर. लाइनवर शाईचे बारीक ठिपके उडवून नंबर छापतात. जवळून बघितलं की प्रत्येक आकडा ठिपक्यांचा दिसतो. उरलेल्या दोन डब्यांवर तसाच होता. या तिसऱ्यावर मात्र आकडे भरीव, रबरी शिक्क्यासारखे, आणि त्यांच्याभोवतीचा पत्रा जास्तच चकचकीत. म्हणजे जुना नंबर थिनरने पुसला होता. किमतीचे आकडेही शेजारच्या डब्यापेक्षा किंचित जाड होते. हे फरक एकटा डबा बघून कळत नाहीत, शेजारी खात्रीचा डबा ठेवला तरच कळतात.

वजन केलं तर सोळा किलोच्या आसपास भरलं, डब्याचा एक किलो धरून बरोबर. भेसळवाला वजनात मारत नाही, स्वस्त तेल घालून मारतो. त्यामुळे काट्यावर भरवसा ठेवू नका. परवाना क्रमांकही खरा होता, कारण डबाच खरा होता.

पाऊच परत भरणं अवघड असतं. कापलं की ते आखूड होतं, आणि मशीनच्या रुंद, खाचांच्या सीलऐवजी हाताच्या सीलरची बारीक सपाट रेघ दिसते. डबा मात्र अख्खा मिळतो. एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यपदार्थ भरायला कायद्याने बंदी आहे, तरी भंगारात अख्ख्या डब्याला चेपलेल्यापेक्षा जास्त भाव मिळतो. तो भाव आपणच घेतो: खानावळी, वडापाववाले, मंगल कार्यालयं आणि घरातले आपण. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. पाच-दहा रुपयांसाठी आपण भेसळवाल्यांना कंपनीचं नाव छापलेलं भांडं विकतो. डबा विकण्याआधी तळाला खिळ्याने चार भोकं पाडा आणि तोंड चेपून टाका.

मामींचा तो डबा मी उघडला नाही. उघडलेल्या डब्यावर दुकानदार म्हणतो, तुम्हीच काहीतरी घातलंत. तिन्ही डब्यांच्या तोंडाचे आणि नंबरचे फोटो काढले, पक्कं बिल जोडलं आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली कार्यालयात लेखी तक्रार दिली. डबा अजून मामींच्या माळ्यावर, सीलसकट आहे.