आजा, काका की आई? अज्ञान मुलाच्या खात्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"सर्वांनी शेअर करा! लहान मुलाचं खातं आजोबा, काका, मामा कोणीही पालक बनून उघडू शकतो, फक्त दोघांचं आधार लागतं. सातबाऱ्यावर अ.पा.क. म्हणून नाव असेल तर कोर्टाच्या कागदाची गरज नाही. वडील हयात असताना आईला पालक होता येत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की खातं आपोआप त्याचं होतं, बँकेत जायची गरज नाही. बँकवाले उगाच चकरा मारायला लावतात."

शाळा उघडल्या, शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की हा मेसेज पुन्हा उगवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत खाते उघडण्याचे फॉर्म तपासणं हे माझं काम, त्यामुळे मेसेज वाचून आलेली मंडळी शेवटी माझ्याच टेबलापुढे बसतात. शेवटच्या वाक्यावर मी भांडत नाही. चकरा होतात. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त चकरा त्याच्या वरच्या वाक्यांनीच लावलेल्या असतात.

आजोबांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गाडी तिथंच अडते. दारव्ह्याकडचे एक आजोबा नातीला घेऊन आले होते. नात नऊ वर्षांची. तिचे वडील वारलेले, आईनं दुसरं लग्न केलं आणि ती बुटीबोरीला राहते. तूर विकून आलेल्यांपैकी ४०,००० रुपये नातीच्या नावानं ठेवायचे, एवढी साधी गोष्ट. फॉर्मवर पालकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहून आणलं होतं. मी आई कुठं आहे विचारलं तर चिडले. "मी आजा हाव तिचा. बाप गेल्यापासून म्याच वाढवली तिले. मंग मी पालक नाही त कोन?"

माया त्यांची, यात वाद नाही. पण बँकेला विचारायचं असतं ते वेगळं: या मुलीच्या पैशावर कायद्यानं सही कोण करू शकतो? रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचं खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फत उघडायचं, असं स्पष्ट आहे. हे परिपत्रक जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही लागू आहे. आता नैसर्गिक पालक कोण, हे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो, आणि तो बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू होतो. त्याच्या कलम ६ मध्ये वडील आहेत, आई आहे. आजोबा, काका, मामा नाहीत. सावत्र बाप आणि सावत्र आई तर नाव घेऊन वगळले आहेत. आईनं दुसरं लग्न केलं म्हणून तिचं पालकत्व जात नाही, म्हणजे या मुलीची पालक बुटीबोरीची आईच. आई-वडील दोघंही नसतील, किंवा आईचा पत्ताच नसेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून नेमणूक करून आणावी लागते. दोघंही हयात नसताना आईनं, किंवा तिनं नेमला नसेल तर वडिलांनी, मृत्युपत्रात पालक नेमला असेल तर तोही चालू शकतो. मुस्लिम कुटुंबात गणित निराळं आहे. तिथं वडिलांच्या पश्चात, त्यांनी मृत्युपत्रानं कोणी नेमला नसेल तर, वडिलांचे वडील हे मालमत्तेचे पालक ठरतात. म्हणजे मेसेजमधलं ते वाक्य काही घरांत खरंही निघेल, पण ते लिहिणाऱ्याच्या पुण्याईनं नव्हे.

आधारचं काय? त्या मुलीच्या आधारवर पत्त्यात "द्वारा" म्हणून आजोबांचं नाव होतं आणि आजोबांना तोच पुरावा वाटत होता. तो राहण्याचा ठिकाणा आहे. "द्वारा" पुढं कोणाचंही नाव येऊ शकतं, त्यातून नातं सिद्ध होत नाही. जन्मतारखेसाठीही आधार हा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलंय. आधारनं माणसाची ओळख पटते. पालकाचं आधार, मतदार ओळखपत्र किंवा अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं, रेशन कार्ड मात्र ओळखीच्या अधिकृत कागदांत बसत नाही. नात्यासाठी आम्ही बघतो तो मुलाचा जन्मदाखला, कारण त्यावर आई आणि वडील दोघांची नावं असतात.

खरं किचकट काम इथं आहे. या मुलीच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावापुढं पहिल्या नवऱ्याचं नाव नि आडनाव, आणि आईच्या आधारवर दुसऱ्या नवऱ्याचं. दोन कागद शेजारी ठेवले तर दोन बाया दिसतात. मधली कडी लागते. इथं दोन कागदांनी ती जुळली: मुलीच्या वडिलांचा मृत्यूदाखला आणि आईच्या दुसऱ्या लग्नाचा नोंदणी दाखला, ज्यावर लग्नाआधीचं नाव आणि "विधवा" अशी नोंद होती. लग्नात पहिलं नावच बदललं असेल आणि लग्न नोंदलेलं नसेल, तर राजपत्रातली नावबदलाची नोंद हा पक्का कागद. अजून एक गोष्ट आपल्याकडं फार दिसते. जन्मदाखल्यावर मुलाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद पाचव्या दिवशी झाली आणि बारसं नंतर. ग्रामपंचायतीत जन्माच्या नोंदीत नाव घालून मिळतं, पहिलं वर्ष फुकट आणि नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बँकेत येण्याआधी हे करून घेतलं तर एक चक्कर तिथंच वाचते.

आई एका शनिवारी एसटीनं आली. मूळ कागद दाखवले, पालक म्हणून सही केली, मुलीचा नि तिचा फोटो लागला, पॅन नव्हता म्हणून फॉर्म ६० भरला, खातं उघडलं. आणि पैसे? ते आजोबांनीच भरले. मुलाच्या खात्यात पैसे कोणीही भरू शकतो. पालकत्वाचा प्रश्न येतो तो काढण्यासाठी.

तेच आजोबांना खुपत होतं. उद्या सुनेच्या नवऱ्यानं हे पैसे उचलले तर? सावत्र बापाला या खात्यावर सहीचा काहीही हक्क नाही, तो कार्डही मागू शकत नाही. आईला आहे. मुदत ठेव मध्येच मोडायची तर ती मुलाच्या हितासाठी मोडतोय असं लेखी तिच्याकडून आम्ही घेतो, पण ती खरंच फी भरतेय की फ्रिज घेतेय हे बँक घरी जाऊन बघत नाही. तेवढाही भरवसा नसेल तर आजोबांनी ठेव स्वतःच्या नावावर करावी आणि नातीला नॉमिनी म्हणून नेमावं. नेमलेली व्यक्ती अज्ञान असली की तिच्या वतीनं रक्कम घेणाऱ्या सज्ञान माणसाचं नाव त्याच फॉर्मवर द्यावं लागतं, तो रकाना कोरा सोडू नये. आणि हेही माहीत असू द्यावं की अशी नेमणूक म्हणजे पैसे हातात घेण्याचा अधिकार. मालकी शेवटी कायदेशीर वारसांची.

तिसरी वाट एका वर्षानं उघडणार आहे. मूल दहा वर्षांचं झालं की त्याला स्वतःच्या सहीनं चालणारं बचत खातं किंवा ठेव बँक देऊ शकते. किती रकमेपर्यंत, एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानं ठरवते, म्हणून शाखेत विचारल्याशिवाय धरून चालू नका. खातं कसंही असो, ते उणे होऊ देता येत नाही. अज्ञानाचा करार कायद्यानं करारच नसतो, त्यामुळे त्याच्याकडून वसुली करायची सोयच नाही.

आता सातबारा. शेत मुलाच्या नावावर, पुढं "अ.पा.क. चुलता" असं तलाठ्यानं लिहिलेलं, आणि तो कागद टेबलावर आपटून "हे पाहा सरकारी आहे" म्हणणारे काका मी पुष्कळ पाहिले. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ही महसुली नोंद आहे. शेतसारा, फेरफार, नोटिसा यांसाठी खातेदार लहान असल्यानं कोणाशी बोलायचं, एवढंच ती सांगते. ती पालक नेमत नाही. नेमतं ते न्यायालय. गंमत म्हणजे बऱ्याच सातबाऱ्यांवर मूल तिशीत गेलं तरी अ.पा.क. तसंच राहिलेलं असतं.

वडील हयात असताना आईला अडवणं हा तर बँकांचाच जुना रोग, मेसेजनं तो फक्त उचलला. रिझर्व्ह बँकेनं आईला पालक म्हणून खातं उघडू देण्याची मुभा १९७६ मध्येच दिली होती आणि २०२५ च्या परिपत्रकात ती पुन्हा लिहिली. कायद्यात "वडील, आणि त्यांच्यानंतर आई" असं आहे खरं, पण गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही, त्यांच्या अनुपस्थितीत असा घ्यायचा, असं ठरवलं. नवरा पुण्याला कामाला, बायको पोरांसह माहेरी, अशा आईकडून नवऱ्याचं संमतिपत्र किंवा घटस्फोटाचा कागद मागायचं कारण नाही. कोणत्या काउंटरवर मागितलं तर त्या परिपत्रकाची तारीख सांगा आणि नकार लेखी द्या म्हणा.

राहिलं अठरा वर्षांचं कलम, आणि नुकसान सर्वाधिक इथंच होतं. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार जन्माचा दिवस पूर्ण धरून मोजायचं. १४ ऑगस्ट २००७ चा जन्म असेल तर १४ ऑगस्ट २०२५ उजाडताच मुलगा सज्ञान. बापाची पैसे काढायची स्लिप १३ तारखेला चालते, १४ ला नाही. कोर्टानं पालक नेमला असेल तर वय एकवीस, असं काही जुन्या फॉर्मवर छापलेलं अजून सापडतं. ती अट १९९९ च्या दुरुस्तीनं गेली, आता सगळ्यांना अठराच.

त्या दिवशी पालकाचा अधिकार संपतो, पण मुलाच्या सहीचा नमुना बँकेकडं नसतो. म्हणजे काढायला कोणीच नाही. बहुतेक बँकांत अशा खात्यातून पैसे काढणं थांबतं, जमा होणं चालू राहतं. शिष्यवृत्ती खात्यात दिसते, कॉलेजची फी भरायची तारीख उद्यावर, आणि बाप स्लिप घेऊन रांगेत. बारावी झालेली पोरं नेमकी याच वयाची, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये हे चित्र रोज दिसतं. बँकेनं आधीच कळवायचं असतं, तसा नियम आहे, पण तो निरोप बापाच्या सहा वर्षांपूर्वीच्या मोबाइल नंबरवर जातो.

उपाय एका बैठकीचा आहे. मुलानं स्वतः यायचं, नवा फोटो, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पॅन किंवा फॉर्म ६०, सहीचा नमुना, खातं कसं चालवायचं याच्या नव्या सूचना, आणि पालकानं चालवलेलं खातं असेल तर शिल्लक बरोबर आहे अशी कबुली. मोबाइल नंबर मुलाचा टाकून घ्यायचा. नॉमिनीची नेमणूक पालकानं केलेली असते, तीही त्याच वेळी मुलानं स्वतःच्या सहीनं पुन्हा केलेली बरी. वाढदिवस रविवारी आला तर सोमवारी या, पण फीच्या तारखेच्या आदल्या दिवशी नको.