बहुपर्यायी पेपर काढणे म्हणजे काय, हे एकदा लिहायलाच हवे होते

आज दुपारी विभागाच्या बैठकीत अकरावीची पुढची चाचणी बहुपर्यायी घ्यायचे ठरले आणि मला सांगण्यात आले की, पंचवीस प्रश्नांचा भौतिकशास्त्राचा पेपर उद्या दुपारपर्यंत तयार हवा. मी एवढ्या वेळात तो होणार नाही असे म्हटले, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने मान हलवून म्हटले, "मॅडम, त्यात काय आहे एवढं? एक बरोबर उत्तर आणि तीन कुठलेही आकडे. मुलांना तरी काय, गोलच तर काळे करायचे आहेत." बैठकीत मी गप्प बसले. घरी येऊन तीन तास झाले तरी ते "तीन कुठलेही आकडे" माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी मीही असाच एक पेपर एका रात्रीत काढला होता. पंचवीस प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला वजा एक, म्हणजे नीटच्याच पद्धतीचे गुणदान. वर्गात एक मुलगी होती. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली, वहीत प्रत्येक उदाहरण दिलेले, सूत्र, उकल, उत्तर अशा चार ओळींत मांडणारी. बहुपर्यायी परीक्षा ती पहिल्यांदाच देत होती. पेपर सुरू होण्यापूर्वी तिने माझ्याकडे येऊन दोनदा विचारले होते की, पेनाने काळे केलेले पुसता येत नाही ना. मी "नाही" म्हटले आणि पुढच्या बाकाकडे वळले. तिला त्या क्षणी आणखी काही सांगायला हवे होते, हे माझ्या लक्षातही आले नाही.

चौथा प्रश्न असा होता. एक गाडी एकूण अंतराचे पहिले अर्धे अंतर ताशी 40 किलोमीटर चालीने आणि उरलेले अर्धे ताशी 60 किलोमीटर चालीने कापते, तर तिची सरासरी चाल किती? पर्याय होते 45, 48, 50 आणि 52. तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात आत्ता 50 आले असेल. तिच्याही मनात तेच आले. एकूण अंतर 240 किलोमीटर धरून पाहा. पहिल्या 120 किलोमीटरना तीन तास लागतात आणि पुढच्या 120 किलोमीटरना दोन तास. पाच तासांत 240, म्हणून सरासरी 48. गाडी हळू चालली त्या टप्प्यात तिचा वेळ जास्त गेला, त्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकते. गाडी अर्धे अंतर नव्हे तर अर्धा वेळ एकेका चालीने गेली असती, तर 50 बरोबर ठरले असते.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवा. दहावीच्या पेपरात तिने 50 लिहिले असते, तर ते फक्त तिचे उत्तर असते आणि ते बरोबर की चूक याची धाकधूक मनात राहिली असती. इथे मात्र तिने 40 आणि 60 ची बेरीज केली, दोनने भागले, पर्यायांकडे पाहिले आणि तिथे तिचा आकडा छापलेला होता. नंतर तिने मला सांगितले की, तो आकडा दिसल्यावर तिला इतके बरे वाटले की तिने प्रश्न पुन्हा वाचलाच नाही. छापील कागदावर आपलेच उत्तर दिसणे ही तिच्यासाठी बाईंनी दिलेली खूण होती. प्रत्यक्षात तो आकडा मीच, ती चूक करील हे जाणून, तिथे ठेवला होता.

"मॅडम, ते पन्नास तुम्ही मुद्दाम टाकलं होतं का?" दुसऱ्या दिवशी तिने हे विचारले. आवाजात तक्रार नव्हती, ती खरोखरच विचारत होती. मी "हो" म्हणाले. त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

मुद्दाम टाकणे चूक नव्हते, हे मी आजही ठामपणे सांगेन. चुकीचा पर्याय हा खऱ्या चुकीतूनच यायला हवा. 50 निवडणाऱ्याला अर्धे अंतर आणि अर्धा वेळ यांतला फरक कळलेला नाही, हे मला त्या एका गोलावरून समजते. 52 निवडणाऱ्याची चूक निराळी आहे. वेळेचा हिशेब घ्यावा लागतो हे त्याला माहीत आहे, पण त्याने तीन तास 60 ला आणि दोन तास 40 ला दिले. त्या दोघांना दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे हे वेगवेगळे आहे. 45 मात्र मी केवळ चार पर्याय भरायचे म्हणून लिहिला होता, आणि ऐंशी मुलांच्या वर्गात तो एकानेही निवडला नाही. म्हणजे त्या प्रश्नाला मुळात तीनच पर्याय होते. माझ्या सहकाऱ्यांचे "कुठलेही आकडे" म्हणजे असे तीन 45. मग मूल काही न शिकताही बरोबर उत्तरापर्यंत पोहोचते आणि आपण समाधानाने म्हणतो की वर्गाला विषय कळला.

माझी चूक वेगळीच होती. चुकीचे पर्याय चुकांमधूनच बनवलेले असतात, तुमचे उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे ते बरोबर ठरत नाही, हे मी परीक्षेपूर्वी कुणालाच सांगितले नव्हते. शहरातल्या शिकवणी वर्गांना जाणाऱ्या मुलांना ते ठाऊक होते. तिला कोण सांगणार होते?

दुसरी चूक याहून वाईट होती आणि ती सर्वस्वी माझी होती.

ओएमआर पत्रिका आम्ही तेव्हा हाताने तपासत असू. बरोबर उत्तरांच्या जागी भोके पाडलेला पुठ्ठा पत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे. त्याआधी प्रत्येक पत्रिका नुसत्या डोळ्यांनी पाहावी लागते, कारण कुणी एका प्रश्नाचे दोन गोल काळे केले असतील तर पुठ्ठ्याखाली त्यातला फक्त बरोबर गोल दिसतो आणि गुण दिले जातात. तिच्या तेराव्या प्रश्नाला दोन गोल काळे होते, त्यांपैकी एक बरोबर. नियमाप्रमाणे ते चूक, वजा एक. पण ते पाहून मी तिची प्रश्नपत्रिका काढली आणि कच्चे काम वाचू लागले.

पंधरावा प्रश्न होता, 20 मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल, गुरुत्व त्वरण 10 धरा. तिने समासात वेगाचा वर्ग 400 लिहिला, त्याला त्वरणाच्या दुपटीने म्हणजे 20 ने भागले, 20 मीटर लिहून त्याभोवती चौकट काढली. अगदी बरोबर. पत्रिकेवर मात्र तिने 30 मीटरचा गोल काळा केला होता. का, हे मला तिला बोलावून विचारावे लागले. ती म्हणाली, "अकरा ते चौदा सगळी ब आली होती. पंधरावंही ब आलं. सलग पाच वेळा ब कसं असेल? मला वाटलं माझंच मागचं सगळं चुकलंय." त्या भीतीने तिने पंधराव्याचे उत्तर बदलले आणि मागे जाऊन तेराव्यालाही दुसरा गोल काळा केला.

मी माझी उत्तरसूची काढून मोजली. अ दोन वेळा, ब अकरा वेळा, क नऊ वेळा, ड तीन वेळा. मी आकडे चढत्या क्रमाने लावते, तसेच लावावेत, आणि बरोबर उत्तराच्या एका बाजूला त्याहून लहान व दुसऱ्या बाजूला मोठा आकडा ठेवण्याची माझ्या हाताला सवय होती. साहजिकच बरोबर उत्तर दर वेळी मध्ये येऊन बसत होते. धीट आणि हुशार मुलाने हे ओळखून न येणाऱ्या प्रश्नांत ब किंवा क मारले असते. घाबरलेल्या मुलीने त्याच ओळीला भिऊन स्वतःचे बरोबर गणित खोडले.

तिचे दहा प्रश्न बरोबर, नऊ चूक, सहा कोरे, म्हणजे 31 गुण. तेराव्या आणि पंधराव्या प्रश्नांची पहिली उत्तरे तिने तशीच ठेवली असती तर 41 झाले असते, कारण बरोबर उत्तर चुकीचे केले की चार जातात आणि वर एक वजा होतो. कोऱ्या सहांपैकी तिघांत तिने दोन-दोन पर्याय पेन्सिलीने काटलेले होते. उरलेल्या दोघांतून डोळे मिटून निवडले असते, तरी निम्म्या वेळा चार आणि निम्म्या वेळा वजा एक, म्हणजे सरासरीने प्रश्नामागे दीड गुणाचा लाभ. वजा गुणांच्या धाकाने तिने तेही सोडून दिले. राज्याच्या सीईटीत वजा गुण नसतात, तिथे कोरा प्रश्न ठेवण्याला काहीच अर्थ नाही, हेही तिला कुणी सांगितलेले नव्हते.

बहुपर्यायी परीक्षा नकोच, असे मी म्हणत नाही. ऐंशी लेखी उत्तरपत्रिका तपासायला आठवडा जातो आणि तासाभरात एवढा अभ्यासक्रम दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने विचारता येत नाही, हे मान्य. उत्तर कधी बदलूच नये, असेही नाही. प्रश्न पुन्हा वाचून चूक सापडली तर जरूर बदलावे. बदलण्याचे कारण प्रश्नात असावे, अक्षरांच्या रांगेत नसावे, एवढेच. एकच अक्षर सलग तीनदा तर चिठ्ठ्या टाकून केलेल्या उत्तरसूचीतही सहज येते.

माझ्या सहकाऱ्यांवर मघाशी मला जेवढा राग होता, तेवढा आता राहिला नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही त्यांच्याहून वेगळी नव्हते. पण उद्या दुपारपर्यंत मी पेपर देणार नाही, हे मी विभागप्रमुखांना आत्ताच कळवले आहे. त्या चाचणीनंतर मी प्रत्येक प्रश्न आधी पर्यायांशिवाय वर्गात सोडवायला देते, मुलांची चुकलेली उत्तरे वहीत उतरवून घेते आणि पुढच्या वर्षीचे पर्याय त्यांतून निवडते. बरोबर उत्तर कुठे बसेल हे चिठ्ठी उचलून ठरवते आणि मग त्या जागेला जुळतील असे चुकीचे आकडे शोधते. अ आले तर तिन्ही चुका बरोबर उत्तराहून मोठ्या लागतात, आणि तशा खऱ्या चुका नेहमी सापडत नाहीत. मग प्रश्नच बदलावा लागतो. एका प्रश्नाला कधी अर्धा तास जातो.

आज रात्री नऊ प्रश्न झाले आहेत. गाडीचा प्रश्न या वेळीही आहे, 50 ही आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तोच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी फळ्यावर लिहून, प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून आला हे मी वर्गाला दाखवणार आहे. उरलेले सोळा प्रश्न सोमवारी मिळतील.